प्रेमकवितेतील नाव

उर्दू गझलेत कवी आपल्या प्रिय व्यक्तीविषयी पुष्कळ काही सांगतो. पण तिचे नाव तो बहुधा सांगत नाही. युरोपातील जुन्या प्रेमकवितेतही अशीच रीत होती. ती पुढे कशी बदलत गेली, ते आपण पाहू.

बाराव्या शतकात दक्षिण फ्रान्समधील सरदारांच्या दरबारांत 'त्रुबादूर' नावाचे कवी होते. ते प्रेमगीते रचीत आणि त्यांना चालीही लावीत. या गीतांतील स्त्री बहुधा मोठ्या घराण्यातील व विवाहित असे. कवी स्वतःला तिचा सेवक म्हणवी. तिचे नाव उघड झाले, तर चुगलखोर लोक तिची बदनामी करतील, म्हणून कवी तिला टोपणनाव देई. बर्नार्त द व्हेंतादोर्न या कवीने 'सुंदर दर्शन' अशा अर्थाचे टोपणनाव वापरले आहे. नाव लपवणे हाच तेथे आदर होता.

चौदाव्या शतकात इटलीचा कवी पेट्रार्क याने मात्र 'लॉरा' हे नाव आपल्या कवितेत आणले. त्याने लिहून ठेवले आहे, की ६ एप्रिल १३२७ रोजी आव्हीन्यों येथील चर्चमध्ये त्याने तिला प्रथम पाहिले. त्याच्या संग्रहात ३६६ कविता आहेत. नाव प्रसिद्ध झाले. पण लॉरा स्वतः त्यांत क्वचितच बोलते. बोलतो तो कवीच.

पुढे स्त्रीही बोलू लागली. इंग्रज कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग यांनी लग्नाआधी, रॉबर्ट ब्राउनिंग यांच्यावरील प्रेमाविषयी ४४ सुनीते लिहिली. १८५० मध्ये ती छापताना मात्र ती पोर्तुगीज भाषेतून आली आहेत, असे वाटावे असे नाव त्यांना दिले. पडदा अजून पूर्ण सरला नव्हता.

तो अमेरिकेत सरला. १९५९ मध्ये रॉबर्ट लोवेल यांनी आपले घर, आजार आणि संसार यांविषयी उघडपणे लिहिले. अशा कवितेला समीक्षक 'कबुलीची कविता' म्हणू लागले. १९७३ च्या 'द डॉल्फिन' या संग्रहात तर लोवेल यांनी आपली आधीची पत्नी एलिझाबेथ हार्डविक यांच्या खाजगी पत्रांतील मजकूर, काही ठिकाणी बदलून, त्यांची परवानगी न घेता घातला. त्यांची मैत्रीण, कवयित्री एलिझाबेथ बिशप यांनी पुस्तक छापण्याआधीच पत्र लिहून याला विरोध केला होता. तरीही ते छापले गेले आणि १९७४ मध्ये त्याला पुलित्झर पारितोषिकही मिळाले.

बिशप यांची तक्रार कवीने स्वतःचे दुःख सांगितले याबद्दल नव्हती. दुसऱ्याचे शब्द बदलून ते त्याचेच म्हणून छापावेत का, हा त्यांचा प्रश्न होता. त्रुबादूर कवी प्रिय व्यक्तीची अब्रू जपण्यासाठी गप्प राहत. आधुनिक कवी खरे सांगण्यासाठी बोलतो. पण ते खरे एकट्या कवीचे नसते. त्यात दुसऱ्या माणसाचाही वाटा असतो.