खांबाचा चौथा कोपरा

पोर्चचा विटांचा खांब घेऊ: ६० सेंमी बाय ६० सेंमी, जाड आणि ठेंगणा. त्यावर १८ टनांचा बीम टेकलाय. भार बरोबर मध्यावर असेल, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सारखा ५ किलो दाब येतो. पण बीम एका बाजूनेच येतो आणि बहुतेक वेळा त्या बाजूच्या कडेलाच जास्त टेकतो.

भार मध्यापासून सरकला की खांबाला तेवढाच वाकही बसतो. जवळच्या कडेचा दाब वाढतो, समोरच्या कडेचा तितकाच उतरतो. आयताकृती खांबात हा फरक काढणं सोपं आहे: सरकलेलं अंतर गुणिले सहा, भागिले खांबाची रुंदी, आणि त्याला सरासरी दाबाने गुणायचं. भार १० सेंमी सरकला तर फरक पूर्ण ५ किलोंचा येतो. म्हणजे एका कडेला १०, दुसरीला शून्य. त्यापुढे गेलात की दूरची कड ताणात. दोन्ही बाजूंना १०-१० सेंमी, म्हणजे मधला एकतृतीयांश पट्टा, एवढीच भाराची मुभा. हाच ‘मिडल थर्ड’चा नियम. गोल खांबात ती आणखी कमी, मधला फक्त पाव व्यास.

आता खरी मेख. भार दोन्ही दिशांनी ८-८ सेंमी सरकलाय असं समजा. कोपऱ्यावरच्या खांबाला दोन बाजूंनी बीम येतात, तिथे हे सहज होतं. प्रत्येक दिशेने पाहिलं तर तो मधल्या तृतीयांशातच आहे, म्हणून पुष्कळजण तिथेच समाधान मानतात. पण प्रत्येक दिशेचा फरक ४ किलो, आणि कोपऱ्यावर दोन्ही एकत्र येतात. जवळच्या कोपऱ्यावर १३, दोन कोपऱ्यांवर ५-५, आणि चौथ्यावर ५ वजा ८, म्हणजे ३ किलोंचा ताण! सुरक्षित जागा मधला चौकोन नसून त्याच्या आत बसणारा, टोकांवर उभा हिऱ्यासारखा चौकोन आहे. आपल्या खांबात दोन्ही सरकण्यांची बेरीज १० सेंमीच्या आत हवी. इथे ती १६ आहे.

विटांच्या बांधकामात ताण सोसण्याचा भरवसा धरता येत नाही. त्या चौथ्या कोपऱ्यावर विटांमधला आडवा सांधा केसासारखा उघडतो, आणि उघडलेला भाग भार घेत नसल्याने उरलेल्या भागावर दाब १३च्याही वर जातो. खांब लगेच पडतो असं नाही, पण त्या भेगेतून पाणी शिरतं, आणि जवळच्या कोपऱ्यावर विटांची टवकं उडू लागली तर प्रकरण गंभीर. आरसीसी खांबात हा ताण सळया घेतात. उंच सडपातळ खांबाला मात्र हे गणित पुरत नाही, तो वाकतो आणि भार आणखी सरकतो.

विटांच्या खांबात उपाय बांधतानाच करायचा: बीमखाली काँक्रीटचा बेड ब्लॉक मध्यावर ठेवायचा आणि खांबाच्या कडेजवळ बीम टेकू द्यायचा नाही.