ओटीपीच्या मेसेजमधली शेवटची ओळ

बँकेच्या संकेतस्थळावर पैसे पाठवताना ओटीपीचा एसएमएस येतो, आयफोनच्या कीबोर्डवरच्या पट्टीत सहा आकडे आपोआप दिसतात, त्यांवर बोट ठेवलं की चौकट भरते. हे पाहून अनेकांचा समज होतो की बँकेचं ॲप आपले मेसेज वाचतं. आयफोनवर असं होत नाही. मेसेजेसमध्ये डोकावण्याची परवानगी तिथे कुठल्याही ॲपला मागताच येत नाही. मेसेज वाचते ती फोनची स्वतःची यंत्रणा, तीही फोनच्या आतच. तिला त्यात कोडसारखं काही सापडलं तर ती कीबोर्डवर `From Messages` असं लिहून तो आकडा सुचवते. माणसाने त्यावर बोट ठेवेपर्यंत समोरच्या ॲपला किंवा संकेतस्थळाला त्या आकड्याचा पत्ताही नसतो.

ही सोय २०१८ साली आयओएस १२ बरोबर आली. तिची पहिली रीत अंदाजाची होती आणि आजही बहुतेक मेसेजेसना तीच लागू पडते. मेसेजमध्ये ‘कोड’ किंवा ‘पासकोड’ अशा अर्थाचा शब्द असेल आणि जवळपास काही आकडे असतील, तर हाच कोड असणार असं फोन ठरवतो. अंदाज जमला आहे का, हे कोणालाही तपासता येतं. मेसेजमधल्या आकड्याखाली रेघ दिसते का पाहायचं आणि त्यावर बोट ठेवायचं. `Copy Code` हा पर्याय आला तर फोनने त्याला कोड म्हणून ओळखलं आहे. पर्याय आला नाही, तर कीबोर्डवर सूचनाही येणार नाही.

मेसेज साधा असेल तर अंदाज सहसा बरोबर ठरतो. पण बँकेचा मेसेज साधा क्वचितच असतो. त्यात रक्कम असते, कार्डाचे शेवटचे चार आकडे असतात, व्यवहाराचा क्रमांक असतो, मदतीसाठी फोन नंबर असतो आणि या गर्दीत कुठेतरी ओटीपी असतो. वाचणाऱ्या माणसाला मजकुरावरून कोणता आकडा कशाचा ते कळतं. यंत्रणेला शब्दांच्या जवळिकीवरून तर्क करावा लागतो.

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. आकडा बरोबर ओळखला, तरी तो कोणासाठी आहे हे अंदाजाच्या रीतीत फोनला ठाऊक नसतं. समोर उघडलेल्या पानाने कोडची चौकट मांडली आणि मेसेजमध्ये नुकताच कोड आला, की फोन दोघांची गाठ घालून देतो. ते पान बँकेचं आहे की बँकेची नक्कल केलेलं, हा प्रश्नच त्यात येत नाही.

त्यावर २०२० च्या जानेवारीत ॲपलच्या वेबकिट विभागातल्या अभियंत्यांनी एक प्रस्ताव मांडला आणि गूगलच्या क्रोमच्या अभियंत्यांनीही त्याला पाठिंबा दिला. एसएमएसच्या शेवटी एकच ठरावीक ओळ असावी आणि कोड कोणत्या संकेतस्थळासाठी आहे ते तिने सांगावं, एवढाच तो प्रस्ताव. त्याच वर्षी आयओएस १४ मध्ये आयफोन ही ओळ समजू लागला. तिचं रूप असं असतं:

```
Your verification code is 482913. Do not share it with anyone.
@bank.example #482913
```

वरचा मजकूर माणसासाठी, खालची ओळ फोनसाठी. `@` या चिन्हानंतर संकेतस्थळाचं नाव, मग एक मोकळी जागा, मग `#` आणि त्याला चिकटून कोड. नियम मोजकेच आहेत, पण ते काटेकोरपणे पाळावे लागतात. ही ओळ मेसेजची अगदी शेवटचीच असली पाहिजे आणि तिची सुरुवात `@` नेच झाली पाहिजे. तिच्या खाली ‘धन्यवाद’ किंवा कंपनीचं नाव आलं, तर ती शेवटची ओळ उरत नाही. संकेतस्थळाचं नाव आणि कोड यांच्या मधे एखादा शब्द घुसला, तरी ओळ अवैध ठरते.

भारतात अशी चूक एका खास कारणाने होऊ शकते. अनेक ओटीपींच्या शेवटी अकरा अक्षरांचा एक निरर्थक वाटणारा तुकडा दिसतो. तो अँड्रॉइडसाठी असतो. मेसेज कोणत्या ॲपचा आहे हे गूगलची यंत्रणा त्या तुकड्यावरून ओळखते आणि फक्त त्याच ॲपच्या हाती मेसेज देते. हा तुकडा `@` च्या ओळीखाली नवीन ओळीवर टाकला की अँड्रॉइडचं काम होतं आणि आयफोनचं बिघडतं. मग आयफोन पुन्हा अंदाजावर येतो. कोड कदाचित तरीही सुचवला जातो, त्यामुळे बिघाड कोणाच्या लक्षात येत नाही. हरवलेलं असतं ते फक्त संकेतस्थळाचं बंधन.

त्या बंधनाचा उपयोग काय, ते एका प्रसंगातून पाहू. एका गृहस्थांना मेसेज येतो: केवायसी अपूर्ण आहे, आज रात्री खातं बंद होईल. दिलेल्या दुव्यावर बोट ठेवताच `bank-kyc.example` हे पान उघडतं, हुबेहूब बँकेसारखं. ते तिथे नाव आणि पासवर्ड भरतात. पलीकडे बसलेला भामटा त्याच क्षणी ती माहिती बँकेच्या खऱ्या `bank.example` या पानावर टाकतो. बँक नेहमीप्रमाणे ग्राहकाला ओटीपी पाठवते. एसएमएस अस्सल असतो, नेहमीच्याच नावाने आलेला. नकली पान म्हणतं, आता ओटीपी टाका.

मेसेजमध्ये शेवटची ओळ नसेल, तर आयफोन हा कोड नकली पानावरही आपुलकीने पुढे करू शकतो. ओळ असेल, तर फोन ताडून पाहतो. मेसेज `bank.example` साठी आहे आणि समोर `bank-kyc.example` आहे. जुळत नाही म्हणून कीबोर्डवर काहीच येत नाही. `login.bank.example` यासारख्या उपपत्त्यावर मात्र कोड सुचवला जातो, कारण तो त्याच घरातला आहे. बँकेच्या ॲपमध्येही तो येतो, पण त्यासाठी ॲप आणि संकेतस्थळ यांनी एकमेकांना आपलं म्हणून जाहीर केलेलं असावं लागतं. ॲपमध्ये संकेतस्थळाचं नाव नोंदलेलं असतं आणि संकेतस्थळावर `apple-app-site-association` नावाच्या फाइलमध्ये ॲपचं नाव.

या पहाऱ्याला मर्यादा आहेत. कोड सुचवला गेला नाही, तरी तो मेसेजमध्ये वाचून हाताने टाकता येतोच आणि घाबरलेला माणूस तसं करतो. एरवी ज्या बँकेचा कोड कीबोर्डवर येतो, त्या बँकेचा कोड आज आला नाही तर पत्त्याची पट्टी नीट वाचावी, इतका इशारा मात्र यातून मिळतो. दुसरं म्हणजे, ही ओळ मेसेज पाठवणाऱ्याची ओळख पटवत नाही. कोणीही कोणाच्याही संकेतस्थळाचं नाव लिहून मेसेज पाठवू शकतो. कोड कुठे जावा एवढंच ती ठरवते, कुठून आला हे नाही.

तिसरी मर्यादा २०१८ मध्येच अँड्रियास गुटमन या सुरक्षा संशोधकाने दाखवून दिली होती. पैशाच्या व्यवहाराचा ओटीपी येतो तेव्हा मेसेजमध्ये रक्कम आणि पैसे कोणाला जाणार हेही लिहिलेलं असतं. ते ग्राहकाने वाचावं हाच त्यामागचा हेतू असतो. कीबोर्डवर मात्र नुसते आकडे येतात. पाचशेच्या जागी पन्नास हजार लिहिलेले असतील, तरी मेसेज न उघडता कोड भरला जातो. संकेतस्थळ खरं असून रक्कम बदललेली असेल, तर शेवटची ओळ काहीच करू शकत नाही. म्हणून पैशाच्या व्यवहारात कीबोर्डवर बोट ठेवण्याआधी वरचा मेसेज वाचायलाच हवा.

ही ओळ मराठी मेसेजसाठी विशेष कामाची आहे. ‘तुमचा पडताळणी कोड’ हे शब्द ओळखण्यावर आता काही अवलंबून राहत नाही. वरचा मजकूर कोणत्याही भाषेत असो, फोन शेवटची ओळ वाचतो. कोड मात्र `482913` असाच, इंग्रजी आकड्यांत द्यायला हवा.

अडचण जागेची आहे. इंग्रजी लिपीतल्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरी आली की ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांची प्रत्येकाची वेगळी गणती होते. वरचा इंग्रजी मेसेज शेवटच्या ओळीसह ८४ अक्षरांचा आहे, म्हणजे आरामात मावतो. मराठीत तो असा होईल:

```
तुमचा पडताळणी कोड 482913 आहे. तो कोणालाही सांगू नका.
@bank.example #482913
```

मजकुराची ५२, ओळ तोडण्याचं एक आणि शेवटच्या ओळीची २१, एकूण ७४. फक्त चार अक्षरांसाठी एकाचे दोन एसएमएस होतात आणि खर्च दुप्पट. ‘तो’ हा शब्द आणि दोन्ही पूर्णविराम काढले, तर पाच अक्षरं वाचतात आणि मेसेज ६९ वर येतो. एका मेसेजमागे हा हिशेब क्षुल्लक आहे, रोज लाखो ओटीपी पाठवणाऱ्या संस्थेला तो क्षुल्लक नाही.

भारतात आणखी एक पायरी आहे. व्यावसायिक एसएमएसचा प्रत्येक नमुना आधी दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी व्यवस्थेत नोंदवावा लागतो आणि पाठवलेला मजकूर त्या नमुन्याशी जुळावा लागतो. मार्च २०२१ मध्ये ही तपासणी सक्तीने सुरू झाली तेव्हा देशभर ओटीपी अडकले आणि ट्रायला ती काही दिवस थांबवावी लागली. त्यामुळे `@` ची ओळ फक्त प्रोग्राममध्ये जोडून भागत नाही. नोंदवलेल्या नमुन्यातही ती यायला हवी, नाहीतर मेसेज वाटेतच अडतो.

मेसेज बिनचूक असूनही सूचना येत नसेल, तर दोष बहुधा पानावरच्या चौकटीत असतो. ही चौकट ओटीपीसाठी आहे हे संकेतस्थळाने स्पष्ट सांगायला हवं:

```
<input type="text" inputmode="numeric"
       autocomplete="one-time-code">
```

इथे `type="number"` वापरलं तर `048291` मधलं सुरुवातीचं शून्य गळू शकतं. सहा आकड्यांसाठी सहा वेगळ्या चौकटी केल्या, तर कोडचा पहिलाच आकडा जागेवर बसून बाकीचे गायब होण्याचा धोका असतो. एकच चौकट ठेवून ती सहा खणांसारखी रंगवणं हा सुरक्षित मार्ग आहे.

शेवटी चाचणी दोनदा घ्यावी लागते. दुसऱ्या फोनवरून तोच मजकूर स्वतःच्या आयफोनवर पाठवायचा, खरं पान उघडायचं आणि कोड कीबोर्डवर येतो का पाहायचं. मग नवा मेसेज पाठवून ओटीपीची चौकट असलेलं दुसऱ्याच नावाचं पान उघडायचं. तिथेही कोड आला, तर शेवटची ओळ कुठेतरी मोडलेली आहे आणि फोन अजून अंदाजावरच चालला आहे.