गेलेला रंग परत येतो कुठून?

समजा, एखादीला केस तपकिरी करायचे होते आणि डाय बसला काळाकुट्ट. तिने दुकानातून कलर रिमूव्हर आणला. दोन बाटल्यांतले द्रव एकत्र करून केसांना लावले, प्लास्टिकची टोपी घातली आणि पाकिटावर लिहिलेली वेळ संपेपर्यंत ती थांबली. केस धुताना सडक्या अंड्यांसारखा वास आला, पण टॉवेल बाजूला केला तर केस खरोखरच फिकट तपकिरी झालेले. संध्याकाळी मात्र ते काळवंडू लागले आणि सकाळपर्यंत जवळजवळ पहिल्यासारखे झाले. मधल्या वेळात तिने केसांना काहीही लावलेलं नव्हतं.

हा नवा रंग आला कुठून? खरं तर तो नवा नव्हताच. जुनाच रंग केसांच्या आत होता. काही तास तो फक्त दिसेनासा झाला होता.

हे कसं घडतं ते कळण्यासाठी डाय केसांत कसा बसतो ते पाहावं लागतं. ट्यूबमधल्या क्रीममध्ये तयार काळा रंग नसतो. तिथे असतात जवळजवळ रंगहीन असे छोटे रेणू: पॅराफिनिलिनडायअमाइन, म्हणजे पीपीडी, किंवा त्याचे भाऊबंद, आणि त्यांच्याशी जोडी जमवणारे रिसॉर्सिनॉलसारखे दुसरे रेणू. अमोनियामुळे केस फुगतो, त्याच्या बाहेरच्या खवल्यांमधल्या फटी उघडतात आणि हे छोटे रेणू आत शिरतात. मग डेव्हलपरमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड त्यांचं ऑक्सिडेशन करतं. ते एकमेकांना जोडले जाऊन मोठा रेणू तयार होतो, आणि रंग दिसतो तो या जोडणीनंतरच. आत शिरताना रेणू लहान होते, आता ते मोठे झालेले असतात. म्हणून साध्या शांपूने ते निघत नाहीत. काळा रंग केसाच्या आतच जन्माला येतो आणि तिथेच अडकतो.

या मोठ्या रेणूत नायट्रोजनच्या पुलाने जोडलेली कार्बनची कडी असतात. पुलावर आणि कड्यांवर एक दुहेरी बंध, एक एकेरी, पुन्हा एक दुहेरी, अशी सलग मांडणी असते. तिच्यावरून इलेक्ट्रॉन या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरतात, आणि अशी पसरलेली रचना डोळ्यांना दिसणारा प्रकाश शोषून घेते. रिमूव्हरमधलं गंधकाचं संयुग या रेणूला इलेक्ट्रॉन देतं. नायट्रोजनला हायड्रोजन जोडला जातो, पुलावरचा दुहेरी बंध एकेरी होतो आणि ती सलग मांडणी मधोमध तुटते. आता रेणू दृश्य प्रकाश शोषत नाही. म्हणून केस फिकट दिसतात.

पण पाहा, बदल केवढा झाला! एका बंधाचा आणि दोन-चार कणांचा. रेणूचा सांगाडा बहुतांशी तसाच, त्याच जागी आहे. रसायनशास्त्रज्ञ या रंगहीन रूपाला ल्यूको रूप म्हणतात. हवेतल्या ऑक्सिजनने ते जादाचे इलेक्ट्रॉन काढून घेतले की बंध पुन्हा दुहेरी होतो आणि काळा रंग हजर.

निळीने कापड रंगवणाऱ्यांना हेच रसायन शतकानुशतकं माहीत आहे. नीळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून आधी तिला इलेक्ट्रॉन देऊन ल्यूको रूपात आणतात. आजच्या रंगशाळांमध्ये त्यासाठी ‘हायड्रोस’, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट वापरतात. हौदातून सूत वर येतं तेव्हा ते पिवळट-हिरवं असतं आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळं होत जातं. जीन्सचं कापड याच रीतीने निळं होतं. केसांच्या रिमूव्हरमधली गंधकाची संयुगं हायड्रोसच्याच कुळातली. फरक एवढाच की रंगाऱ्याला रंग परतायला हवा असतो आणि आपल्याला नको असतो. (रंगशाळेचं हायड्रोस मात्र डोक्याला कधीही लावू नये, त्वचेला आणि डोळ्यांना इजा होते.)

मग काही तासांचा उशीर का लागतो? रिमूव्हरचे रेणू लहान आणि पाण्यात सहज विरघळणारे. केस भराभर धुतले तर तेच आधी वाहून जातात. ल्यूको रेणू मोठे, ते केसाच्या आतून सावकाश बाहेर सरकतात. म्हणजे घाईच्या धुण्यात पहारेकरी निघून जातो आणि डाय आतच राहतो. मग ऑक्सिजन केसात झिरपत जातो आणि एकेक रेणू पुन्हा रंगतो.

म्हणून या कामातला खरा टप्पा रिमूव्हर लावण्याचा नाही, धुण्याचा आहे. पाकिटावर सांगितलेला वेळ घड्याळ लावून पूर्ण धुवावं, आणि केस दाट किंवा लांब असतील तर त्याहून जास्त. पाणी कोमट असावं, म्हणजे केस फुगलेला राहतो आणि रेणूंना बाहेर पडायला वाट मिळते. एकेक बट वेगळी करून मुळापासून टोकापर्यंत पाणी वाहू द्यावं. मध्येच शांपूचा फेस करून पुन्हा धुवावं. कंडिशनर सगळ्यात शेवटी, कारण त्याचा थर आधीच बसला तर धुणं अर्धवट राहतं.

रंग खरंच निघाला का, हे ओळखायचीही रीत आहे. काही पाकिटांत तिसरी बाटली असते, तिच्यात थोडं पेरॉक्साइड असतं. ती शेवटी लावायला सांगतात, कारण आत ल्यूको रेणू उरले असतील तर हवेने संध्याकाळी जे केलं असतं ते पेरॉक्साइड काही मिनिटांत करून दाखवतं. केस गडद झाले तर डाय शिल्लक आहे हे न्हाणीघरातच कळतं आणि पाकिटाच्या सूचनेनुसार रिमूव्हर पुन्हा लावता येतो. तिसरी बाटली नसेल तर मागची एक पातळ बट घेऊन तिला 10 व्हॉल्यूम, म्हणजे 3 टक्क्यांचं डेव्हलपर लावून पाहावं. निकाल वाळलेल्या केसांवरच ठरवावा, कारण ओले केस तसेही गडद दिसतात.

यातून आणखी एक गोष्ट उलगडते. रिमूव्हरनंतर लगेच नवा पर्मनंट डाय लावला की केस हवेपेक्षा फार गडद होतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. नव्या डायच्या डेव्हलपरमधलं पेरॉक्साइड आत उरलेल्या जुन्या रेणूंनाही जागं करतं आणि दोन रंगांची बेरीज होते. म्हणून पुढचा डाय काही दिवस थांबून, मधल्या काळात दोन-तीनदा शांपू करून आणि हव्या त्या छटेपेक्षा एक-दोन पायऱ्या फिकट निवडून लावावा. पेरॉक्साइड नसलेला सेमी-पर्मनंट रंग घेतला तर हा धोका टळतो.

रिमूव्हरला मर्यादाही आहेत. पेरॉक्साइडने केसांचं मूळ मेलॅनिन आधीच फिकं केलेलं असतं, ते परत येत नाही. म्हणून डाय पूर्ण निघाला तरी केस तांबूस किंवा नारिंगी दिसतात. शुद्ध मेंदीचं रंगद्रव्य केसाच्या प्रथिनालाच जोडलं जातं, त्यावर रिमूव्हर फारसा चालत नाही. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत मात्र बहुधा पीपीडीच असतं. त्यामुळे पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय आपल्या केसात नेमकं काय अडकलं आहे, हे कळत नाही. पीपीडी असेल तर रिमूव्हर आणि भरपूर कोमट पाणी यांचा उपयोग होईल. नुसती मेंदी असेल तर रिमूव्हरवर पैसे घालवू नयेत.