वॉर्ड सोडताना

महिनाभराची नोटीस संपत आली. एम.एस्सी. नर्सिंगसाठी मी आमचा मेडिसिन वॉर्ड सोडते आहे. बी.एस्सी. झाल्या झाल्या या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला जाता येत नाही, आधी किमान वर्षभर काम केलेलं असावं लागतं. ही अट अगदी योग्य आहे, असं आता मी ठामपणे म्हणेन, कारण काही गोष्टी रुग्णाच्या खाटेशीच शिकाव्या लागतात.

बेडसोरचंच घ्या. एका कुशीवर फार वेळ पडून राहिलं की माकडहाड, टाच, खुबा अशा हाडाजवळच्या कातडीचा रक्तपुरवठा दबतो. लालसर डाग दिसला तर बोटाने दाबून सोडायचं. तो पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर रक्त फिरतंय. दाबूनही लालच राहिला तर इजा सुरू झाली आहे. पण सावळ्या कातडीवर हा लालपणा नीट दिसतच नाही. तिथे काय करायचं, हे मला आमच्या मावशींनी शिकवलं. अर्धांगवायू झालेल्या एका आजोबांना स्पंज देताना त्यांचा हात थांबला. "सिस्टर, इथं हात लावून बघा. बाकीच्या पाठीपेक्षा गरम लागतंय." हात लावला तर ती जागा गरम होती आणि थोडी टणकही.

त्याच दिवसापासून आजोबांना पाठीवर निजवणं बंद केलं. पाठीमागे उशी लावून किंचित कलतं ठेवायचं, टाचा गादीपासून उचललेल्या, दर दोन तासांनी कूस बदलायची आणि वेळ चार्टवर लिहायची. त्यांच्या मुलीने मायेने तेल आणलं होतं. तिथे चोळू नका, कातडी आणखी दुखावते, एवढं सांगितलं. काही दिवसांनी ती जागा मऊ पडली, जखम झालीच नाही. कूस कशी बदलायची हे मुलीनेही शिकून घेतलं. घरी गेल्यावर ते तिलाच करायचं होतं.

त्या आजोबांचे मी आभार मानते. नाव, गाव, खाट क्रमांक मात्र सांगणार नाही, कारण रुग्णाची ओळख निरोपातही उघड करायची नसते. मावशींचे आभार. आणि आमच्या इन्चार्ज सिस्टरचे, कारण टेबलाशी बसून ओव्हर दिलेला त्यांना कधीच चालला नाही. खाटेपाशी जायचं, चादर बाजूला करायची आणि पाठ, टाचा दोघींनी मिळून बघायच्या. रात्रीच्या ड्युटीत काही हुकलं असेल तर ते तिथेच सापडतं.

पुस्तकांतली बेडसोरची चित्रं बहुतेक गोऱ्या कातडीची असतात. एम.एस्सी.ला प्रबंध लिहावा लागतो. सावळ्या कातडीवर ही इजा लवकर कशी ओळखायची, हाच विषय मी मागणार आहे.