एका रेषेच्या दोन रेषा

हायड्रोजनची लाल रेषा बारकाईने पाहिली तर ती एक नाही, जोडरेषा आहे. मायकेलसन आणि मॉर्ली यांनी हे १८८७ मध्येच टिपलं होतं. मात्र या दोन रेषांमधलं अंतर नेमकं मोजणं अवघड होतं. हायड्रोजनचे हलके अणू इतक्या वेगाने धावतात की डॉप्लर परिणामाने प्रत्येक रेषा पसरते. साध्या तापमानाला हा पसारा जोडीतल्या अंतराच्या निम्म्याहून जास्त भरतो आणि दोन्ही रेषा एकमेकींत मिसळतात.

ट्यूबिंगेनच्या फ्रीड्रिश पाश्चेन यांनी १९१६ मध्ये यावर मोठी सुरेख वाट काढली. त्यांनी एक इलेक्ट्रॉन गमावलेला हेलियम घेतला. त्यातही हायड्रोजनसारखा एकच इलेक्ट्रॉन उरतो, पण केंद्रकाचा भार, म्हणजे Z, दोन असतो. भार दुप्पट झाला की ही जोडी घडवणारी ऊर्जापातळीतली फट १६ पट रुंदावते.

सोळा पट कशी? इलेक्ट्रॉनवर बसून पाहिलं तर केंद्रकच त्याच्याभोवती फिरतं आणि चुंबकक्षेत्र निर्माण करतं. इलेक्ट्रॉन स्वतःही स्पिनमुळे छोटा चुंबक असतो. स्पिन आणि कक्षीय गती एका दिशेला असतील तर ऊर्जा थोडी वाढते, विरुद्ध असतील तर घटते. या परिणामाचं माप Z/r³ एवढं असतं. भार वाढला की कक्षा त्याच प्रमाणात आक्रसते, म्हणून 1/r³ मधून Z³ येतो. वरचा Z धरला की झाला Z⁴. (थॉमस यांनी १९२६ मध्ये दाखवलेला निम्मा गुणकही यात लागतो, तो विसरलात तर उत्तर दुप्पट येतं.) हायड्रोजनच्या 2p पातळीत ही फट फक्त ०.००००४५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे.

पाश्चेन यांचा खरा फायदा मात्र सोळा पटीचा नाही, आठ पटीचा आहे. हेलियमच्या रेषांची वारंवारता चौपट असल्याने डॉप्लर पसाराही चौपट व्हायला हवा, पण अणू चौपट जड असल्याने त्याच तापमानाला त्याचा वेग निम्मा असतो. म्हणून पसारा दुपटीवरच थांबतो. त्यांची मोजमापं झोमरफेल्ड यांच्या सूत्राशी जुळली. विलक्षण गोष्ट ही की स्पिनची कल्पना त्यानंतर नऊ वर्षांनी आली. झोमरफेल्ड यांनी केवळ लंबवर्तुळाकार कक्षा आणि सापेक्षतावाद यांच्या जोरावर योग्य सूत्र गाठलं होतं.

Z⁴ चा हिशेब युरेनियमपर्यंत नेला की तो तोकडा पडतो. Z = ९२ आणि एकच इलेक्ट्रॉन असेल तर 2p ची फट सुमारे ३,२०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते, तर डिरॅक यांचं समीकरण सुमारे ४,५६० सांगतं. तिथे सर्वांत आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या सुमारे दोन-तृतीयांश वेगाने फिरतो आणि Z⁴ हे डिरॅक यांच्या समीकरणातून निघणाऱ्या मालिकेचं फक्त पहिलं पद असतं. पुढचं पद त्याला जवळपास 1 + ⅝(Z/137)² ने गुणतं. निऑनपर्यंत, म्हणजे Z = १० पर्यंत, ही दुरुस्ती अर्ध्या टक्क्याच्याही आत राहते. तिथवर Z⁴ वर बिनधास्त भिस्त ठेवावी.