शकुंतलेचा निरोप: ‘संयत’ म्हणजे नेमकं काय?

‘प्रसंग संयतपणे हाताळला आहे’ हे वाक्य नाट्यसमीक्षेत सारखं भेटतं. पण शोधनिबंधात ते लिहिलं की मार्गदर्शक विचारणारच, कशावरून? ‘शाकुंतला’च्या चौथ्या अंकावर हा प्रश्न लावून बघू. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात याच नाटकाचं मराठी संगीत रूप रंगभूमीवर आणलं.

मुलगी सासरी निघाली आहे, म्हणजे रडारडीला पूर्ण वाव आहे. कालिदास काय करतो? कण्व येतो तोच आवंढा गिळत. अश्रू अडवल्यामुळे गळा दाटलाय, असं तो स्वतःच सांगतो. इथे भाव दिसतो तो रडण्यातून नाही, रडू थोपवण्यातून. पुढे शकुंतला चालता चालता अडखळते. मूळ संहितेत तिथे रंगसूचना आहे ती ‘गतिभंगा’ची. वस्त्राला मागून कोण ओढतंय म्हणून ती वळते, तर तिनेच वाढवलेलं हरणाचं पाडस. कुशाचं टोक लागून त्याच्या तोंडाला जखम झाली होती, तेव्हा तिने इंगुदीचं तेल लावलं होतं. एक थांबणं, एक वळणं, बस्स. आश्रम तिला सोडत नाहीये हे कुणाला बोलून दाखवावं लागत नाही.

नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव आहेत. त्यात अश्रू आहेत तसा ‘स्तंभ’ही आहे, म्हणजे शरीर जागच्या जागी थिजणं. त्यामुळे स्थिर उभं राहणं म्हणजे अभिनय थांबणं नव्हे, तोही अभिनयच.

आता समजा, भोईवाड्यातल्या एखाद्या हौशी मंडळाची याच प्रसंगाची तालीम तुम्ही नोंदवताय. वहीत तीन रकाने करा: हालचाल, विराम, संगीत. प्रत्येकाची सुरुवात आणि शेवट सेकंदात टिपा. पाडसाने वस्त्र ओढण्याआधीच बासरी सुरू झाली, तर काय वाटायचं ते प्रेक्षकाला आधीच कळतं आणि वळण्याला काम उरत नाही. ती वळली, थांबली आणि मग एकच सूर आला, तर तो सूर थांबण्याला आधार देतो. विराम फार लांबला तर नटीची नजर सुटते, ती पुढच्या वाक्याची वाट बघतेय हे दिसतं. तपासायचं असेल तर चित्रफीत आवाज बंद करून बघा. तरीही निरोप कळला, तर भार हावभावांवर आहे.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. संहिता संयत आहे म्हणून प्रयोगही संयत होता, असं म्हणता येत नाही. संगीत नाटकात पद रंगलं की ‘वन्स मोअर’ मिळायचा, आणि निरोप तिथेच थबकायचा. म्हणून निष्कर्ष लिहिताना तो संहितेबद्दल आहे की प्रयोगाबद्दल, हे त्याच वाक्यात सांगा.