आधी एकक, शतक शेवटी

५२३, १४८, ५२७, ९६, १४०, ५९३, ७, १२६. या आठ संख्या चढत्या क्रमाने लावायच्या असतील तर आपण आधी शतकाचा अंक पाहतो. पाचशेच्या एकीकडे, शंभराच्या दुसरीकडे, मग प्रत्येक गटात दशक, शेवटी एकक. लहानमोठेपणा शतकावरून ठरतो, तेव्हा सुरुवात तिथूनच करावी हे मनाला सहज पटते. रेडिक्स सॉर्टचा सर्वांत प्रचलित प्रकार मात्र नेमका उलट्या टोकाने सुरू होतो: आधी एकक, मग दशक, शतक सगळ्यांत शेवटी. शिवाय या सगळ्या कामात कुठल्याही दोन संख्या समोरासमोर ठेवून ‘यातली मोठी कोणती’ असे एकदाही विचारले जात नाही.

ही पद्धत संगणकाच्याही आधीची आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या मोठ्या कचेऱ्यांमध्ये माहिती भोके पाडलेल्या जाड कागदी कार्डांवर ठेवत. आयबीएमने १९२५ साली आणलेले ‘टाइप ८०’ हे वर्गीकरण यंत्र मिनिटाला ४५० कार्डे ओढून घेई. एका वेळी ते कार्डावरचा एकच स्तंभ, म्हणजे एकच अंक वाचत असे आणि त्या अंकाच्या कप्प्यात कार्ड टाकत असे. पुढचे काम माणसाचे. कप्प्यांतले गठ्ठे शून्यापासून नवापर्यंत ओळीने उचलायचे, एकावर एक रचायचे आणि पूर्ण गठ्ठा पुढच्या स्तंभासाठी पुन्हा यंत्रात घालायचा. दहा हजार कार्डे पाच अंकी क्रमांकावर लावायची तर एका फेरीला साधारण बावीस मिनिटे लागत. पाच फेऱ्यांचे पावणेदोन तासांहून अधिक, गठ्ठे उचलण्या-रचण्याचा वेळ वेगळाच.

इथेच एककापासून सुरू करण्याचे कारण कळते. शतकापासून सुरुवात केली तर पहिल्या फेरीनंतर दहा गठ्ठे होतात आणि ते एकत्र करून चालत नाही. प्रत्येक गठ्ठा वेगळा ठेवून पुन्हा यंत्रातून काढावा लागतो, त्यातून आणखी दहा निघतात. थोड्याच वेळात टेबलभर चिठ्ठ्या लावलेले शंभर गठ्ठे पडतात. एककापासून गेले तर प्रत्येक फेरीनंतर सगळा ढीग पुन्हा एक होतो. कोणता गठ्ठा कुठला, हे ध्यानात ठेवावेच लागत नाही.

आता आपल्या आठ संख्या घेऊ. ९६ आणि ७ यांच्या डावीकडे शून्ये आहेत असे समजायचे, म्हणजे ०९६ आणि ००७. पहिल्या फेरीत फक्त एकक पाहायचा. शून्याच्या कप्प्यात १४० पडते, तीनच्या कप्प्यात ५२३ आणि ५९३, सहाच्या कप्प्यात ०९६ आणि १२६, सातमध्ये ५२७ आणि ००७, आठमध्ये १४८. ओळीने उचलले की यादी होते १४०, ५२३, ५९३, ०९६, १२६, ५२७, ००७, १४८. दुसऱ्या फेरीत याच यादीला दशकाने लावायचे: ००७, ५२३, १२६, ५२७, १४०, १४८, ५९३, ०९६. अजूनही सगळे विस्कळीतच दिसते. ५२३ च्या मागे १२६ उभी आहे. पण शेवटचे दोन अंक तेवढे वाचले तर ०७, २३, २६, २७, ४०, ४८, ९३, ९६ असा चोख क्रम लागलेला आहे. तिसरी फेरी शतकाची. तिच्यानंतर ७, ९६, १२६, १४०, १४८, ५२३, ५२७, ५९३.

हे जमते कसे? ५२३ आणि ५२७ या जोडीकडे पाहा. त्यांच्यात फरक फक्त एककाचा आहे, आणि तो पहिल्याच फेरीत निकाली निघाला: ५२३ पुढे, ५२७ मागे. नंतरच्या दोन्ही फेऱ्यांत दोघींचा अंक सारखाच असल्याने त्या एकाच कप्प्यात पडल्या. कप्प्यात जो आधी आला तो पुढे राहिला, म्हणून पहिल्या फेरीचा निकाल टिकला. याउलट ५९३ आणि १२६. पहिल्या फेरीने ५९३ ला पुढे काढले होते, पण दुसऱ्या फेरीत दशक वेगळे निघाल्याने तो निकाल फिरला, आणि फिरायलाच हवा होता. अधिक महत्त्वाचा अंक नंतर बोलतो आणि त्याचाच शब्द शेवटचा ठरतो. तो गप्प असेल, म्हणजे दोन्हीकडे सारखा असेल, तर आधीचा निकाल कायम. सारख्या अंकाच्या संख्यांचा आधीचा क्रम न मोडणे या गुणाला स्थिरता म्हणतात. सगळी पद्धत या एका गुणावर उभी आहे.

कार्डांचे यंत्र हा गुण सांभाळू शकत होते, कारण कप्पे खरेखुरे होते. संगणकाच्या स्मृतीत कप्पे करायचे म्हटले की अडचण येते. कोणत्या कप्प्यात किती संख्या पडतील हे आधी माहीत नसते. न जाणो, सगळ्याच्या सगळ्या सातच्याच कप्प्यात गेल्या तर? म्हणून दहाही कप्प्यांना पूर्ण यादीएवढी जागा राखायची तर दसपट स्मृती लागते, आणि सुरुवातीच्या संगणकांत स्मृती अतिशय तुटपुंजी होती. यावरचा उपाय १९५४ साली एमआयटीतल्या हॅरल्ड सीवर्ड यांनी आपल्या प्रबंधात मांडला: आधी फक्त मोजा, मग ठेवा.

आपली दुसरी फेरी या रीतीने करू. यादी एकदा चाळून दशकाचे अंक मोजले की शून्य एकदा, दोन तीनदा, चार दोनदा आणि नऊ दोनदा येतो. बाकीचे अंक नाहीतच. एवढ्यावरून प्रत्येक गटाची जागा ठरते. शून्यवाली संख्या पहिल्या जागी. दोनचा गट दुसऱ्या जागेपासून सुरू होणार आणि तीन जागा घेणार, म्हणून चारचा गट पाचव्यापासून, नऊचा सातव्यापासून. आता यादी पुन्हा पहिल्यापासून चाळायची आणि प्रत्येक संख्या तिच्या गटाच्या पुढच्या मोकळ्या जागी ठेवायची. १४० पाचव्या जागी जाते आणि चारच्या गटाची मोकळी जागा सहावी होते. ५२३ दुसऱ्या, ५९३ सातव्या, ०९६ आठव्या, १२६ तिसऱ्या, ५२७ चौथ्या, ००७ पहिल्या आणि उरलेली १४८ सहाव्या जागी. कप्पे लागलेच नाहीत. लागली ती मूळ यादीएवढी दुसरी एक यादी आणि दहा आकड्यांचा एक तक्ता.

प्रत्यक्षात संगणक दशमान अंक क्वचितच वापरतो. भागाकार करून दशमान अंक काढण्यापेक्षा आठ बिटांचा तुकडा उचलणे त्याला फार स्वस्त पडते. मग अंक ० ते २५५ असे २५६ प्रकारचे होतात आणि ३२ बिटांची संख्या चार फेऱ्यांत संपते. जागा ठरवून झाल्यावरचा भाग सी भाषेत एवढाच असतो:

```
for (i = 0; i < n; i++) {
    d = (a[i] >> shift) & 255;
    b[pos[d]++] = a[i];
}
```

`shift` पहिल्या फेरीत ०, मग ८, १६ आणि २४. `pos` मध्ये प्रत्येक गटाची पुढची मोकळी जागा असते. फेरी संपली की `a` आणि `b` यांची अदलाबदल होते. फेऱ्या सम असल्या तर शेवटचे उत्तर आपोआप मूळ यादीत परत येते.

या छोट्याशा तुकड्यात एक चूक सर्रास होते. अनेक पुस्तके गटाच्या सुरुवातीऐवजी गटाचा शेवट काढायला सांगतात आणि तिथून एकेक जागा मागे सरकत संख्या ठेवायला लावतात. तीही रीत बरोबर आहे, पण तेव्हा यादी शेवटाकडून चाळावी लागते. जागा मागून भरायच्या आणि यादी मात्र पुढून चाळायची, असे झाले की प्रत्येक गटातला क्रम उलटतो. संगणक कुठलीही तक्रार करत नाही. संख्या एकही हरवत नाही, बेरजेचा ताळाही जमतो, फक्त क्रम चुकतो.

आपल्या आठ संख्या तिन्ही फेऱ्यांत या चुकीने लावल्या तर हाती येते ते असे: ९६, ७, १४०, १४८, १२६, ५९३, ५२३, ५२७. नीट पाहिले तर या उत्तरात दोष कुठे आहे हेही लिहिलेले आहे. शतके चढत्या क्रमाने आहेत. एका शतकाच्या आत दशके उतरत्या क्रमाने आहेत, चाळीस आधी आणि वीस नंतर. दशकही सारखे असेल तिथे एकक पुन्हा चढते, १४० मग १४८, ५२३ मग ५२७, कारण दोनदा उलटलेला क्रम सुलट होतो. एक स्तर चढता, पुढचा उतरता अशी पट्टी दिसली की स्थिरता मोडली आहे हे ओळखावे आणि थेट त्या तीन ओळींकडे जावे.

ही चूक चाचणीतून निसटते ती लहान संख्यांमुळे. २५६ चा पाया वापरणारा कार्यक्रम २०० पर्यंतच्या संख्यांवर तपासला तर काम एकाच फेरीत होते आणि उत्तर बरोबर येते. एकाच फेरीत सारख्या अंकाच्या संख्या म्हणजे तंतोतंत सारख्या संख्या. त्यातली कोणती आधी आली हे बघून कळणारच नाही. म्हणून चाचणीत किमान दोन फेऱ्या लागतील एवढ्या मोठ्या आणि वरचा अंक सारखा असलेल्या संख्या हव्यातच. पाया २५६ असेल तर ७७० आणि ७७५ ही जोडी पुरते, कारण दोन्हींचा वरचा अंक ३ आहे.

वेगाचा हिशेब मात्र सरसकट या पद्धतीच्या बाजूने लागत नाही. दहा लाख संख्या तुलनेने लावायच्या तर सुमारे दोन कोटी तुलना होतात. रेडिक्स सॉर्ट चार फेऱ्यांत प्रत्येक संख्या चारदा मोजते आणि चारदा हलवते. तिथे ती सहसा पुढे असते. पण यादी पन्नास-शंभर संख्यांचीच असेल तर दर फेरीला २५६ खणांचा तक्ता शून्य करण्यातच तिचा वेळ जातो. संख्या ६४ बिटांच्या असतील तर फेऱ्या आठ होतात. पाया ६५,५३६ केला की ३२ बिटांना दोनच फेऱ्या पुरतात, पण तक्ता २५६ किलोबाइटचा होतो आणि प्रोसेसरच्या सर्वांत जवळच्या, जेमतेम काही दशक किलोबाइटच्या स्मृतीत मावत नाही. शिवाय लिहिण्याच्या जागा हजारो ठिकाणी विखुरतात. निम्म्या फेऱ्या करूनही वेळ वाढू शकतो. म्हणून बहुतेक जण आठ किंवा अकरा बिटांवर थांबतात.

फेऱ्या वाचवायचा एक सोपा मार्ग मोजणीतच दडलेला आहे. एखाद्या फेरीत एकाच अंकाची मोजणी यादीच्या लांबीएवढी भरली, तर त्या ठिकाणी सगळ्यांचा अंक सारखाच आहे आणि काही हलवण्याची गरजच नाही. यादीतली कुठलीच संख्या ६५,५३५ च्या पुढे जात नसेल, तर वरच्या दोन्ही फेऱ्या अशाच वगळल्या जातात.